धाराशिवचे २७९

विज्ञान शाखेच्या जर्नलांमध्ये एक उत्तर गेली कित्येक वर्षे ठरून गेलेले आहे. हवा भरलेला काचेचा बंद फुगा आधी बर्फात ठेवायचा, मग वाफेत ठेवायचा, आतल्या हवेचा दाब दोन्ही वेळा वाचायचा, आलेखावर दोन ठिपके मांडून त्यांतून रेघ ओढायची आणि ती मागे मागे नेत दाब जिथे शून्य होईल तिथले तापमान लिहायचे. ते उणे २७३ येते. मुंबईला येते, लातूरला येते, धाराशिवलाही येते. मुंबईचे समजू शकते. धाराशिवला मात्र ते दरवर्षी, प्रत्येकाला, बिनबोभाट येत असेल, तर कुठेतरी रबर आणि पेन्सिल कामाला आली आहे असे समजायला हरकत नाही. कारण पुस्तकात लिहिल्याबरहुकूम प्रयोग केला आणि खोटे काहीच लिहिले नाही, तर बालाघाटाच्या या पठारावर उत्तर उणे २७९ च्या आसपास यायला हवे.

हे सहा अंश कुठून आले, ते शोधायला लागले की तापमान मोजणे म्हणजे नेमके काय, इथपर्यंत जावे लागते. म्हणून हे स्फुट.

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटरांऐवजी सत्तरच्या थोडा वर, साधारण ७०.३ सेंटिमीटर असतो. पाणी उकळते म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी बरोबरी करतो. बाहेरचा दाब कमी असेल तर ती बरोबरी लवकर होते. त्यामुळे धाराशिवला पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९७.८ च्या जवळपास उकळते. सीनेच्या खोऱ्यात उतरले की हा आकडा किंचित वर सरकतो, महाबळेश्वरला चढले तर ९५-९६ पर्यंत खाली येतो. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटर चढाला एक अंश कमी. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजवणाऱ्या बाईला हा फरक कळतो, पण तिला आकडा सांगावा लागत नाही. प्रयोगशाळेतल्या मुलाला सांगावा लागतो, आणि तो पुस्तकातला १०० सांगून मोकळा होतो.

आता मुळात या १०० ची गरज का पडली ते पाहू. तापमापकाच्या नळीत आपल्याला तापमान दिसत नाही, पाऱ्याची लांबी दिसते. पारा वर गेला म्हणजे गरम, खाली आला म्हणजे थंड, एवढे त्यातून कळते. किती गरम, हे कळायला नळीवर आकडे हवेत, आणि आकडे कोरायचे तर निदान दोन जागा अशा हव्यात की त्या कुणालाही, कुठेही, पुन्हा तशाच्या तशा मिळवता येतील. वजनाचा दगड एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतो. तापमान पिशवीत घालून नेता येत नाही. तिकडच्या माणसाला ते नव्याने तयार करावे लागते. त्याने तयार केलेले आणि मी तयार केलेले एकच आहे, याची खात्री देणारी घटना म्हणजे स्थिर बिंदू.

अशा घटना शोधताना माणसांनी बरेच काही करून पाहिले. न्यूटनने १७०१ मध्ये निरोगी माणसाच्या अंगातली ऊब धरली आणि तिला १२ आकडा दिला. फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि मिठासारखा क्षार यांच्या मिश्रणापासून सुरुवात केली आणि वरच्या टोकाला माणसाचेच शरीर घेतले. माणसाचे अंग सकाळी वेगळे, संध्याकाळी वेगळे, तापात आणखी वेगळे. त्यावर दोन शहरांतले तापमापक जुळवणे म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपले घड्याळ लावणे आणि त्याने आपल्यावरून लावणे.

आंद्रेस सेल्सिअस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने १७४२ मध्ये जे केले ते नुसते शंभर भाग पाडणे नव्हते. शंभर भागांची कल्पना इतरांनाही सुचलेली होती. त्याने वितळणारा बर्फ आणि उकळते पाणी या दोन्ही बिंदूंची परीक्षा घेतली. वितळणाऱ्या बर्फाने हवेच्या दाबाला दाद दिली नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की एका वातावरणाएवढा दाब वाढला तरी बर्फाचा द्रवणबिंदू अंशाच्या शतांशाएवढाही सरकत नाही. मुंबई आणि धाराशिव यांच्यात तो फरक अंशाच्या हजाराव्या भागाहून कमी आहे. उकळत्या पाण्याने मात्र वायुदाबमापकाचे ऐकले. म्हणून सेल्सिअसने वरचा बिंदू लिहिताना पारा किती उंचीवर असताना पाणी उकळले, तेही लिहिले. (त्याच्या मूळ मापश्रेणीत उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होता. ती उलटी पाटी त्याच्या मृत्यूनंतर सरळ झाली.) शाळेच्या पुस्तकात सेल्सिअसचे शंभर भाग उतरले आणि दाबाची अट गळून पडली. ज्या अटीमुळे तो बिंदू स्थिर होता, तीच गेली.

दुसरी एक अट १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीने घातली. तापमापक उकळत्या पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या वर वाफेत धरा. स्वच्छ, गुळगुळीत काचेच्या भांड्यात पाणी उकळबिंदू ओलांडून अंश-दोन अंश वर जाते आणि मग एकदम उसळते. तळाशी एक तापमान, वर दुसरे. वाफ मात्र बाहेरच्या दाबाला जुळेल त्याच तापमानाची असते. आपल्या प्रयोगशाळेतले तांब्याचे दुहेरी भिंतीचे भांडे, ज्यात तापमापक वाफेत लटकवतात, ते या अटीतूनच आले. त्याला हिप्सोमीटर म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ उंची मोजणारा. वर्षानुवर्षे ते भांडे हाताळणाऱ्यांपैकी किती जणांना वाटले असेल, की तापमान मोजायच्या भांड्याला उंचीचे नाव का?

त्याचे उत्तर आपल्याच दख्खनमध्ये आहे. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२० च्या दशकात पुणे-नगरकडच्या मुलखात फिरत होता. १८३५ मध्ये त्याने दख्खनच्या हवामानावर आणि हवेच्या भरती-ओहोटीवर रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला, आणि १८३८ मध्ये साध्या तापमापकाने उंची कशी मोजावी यावर लंडनच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. पाऱ्याचा लांबलचक वायुदाबमापक घाटवाटांनी नेताना फुटायचा. त्यापेक्षा चांगला तापमापक आणि पाणी उकळायचे भांडे नेणे सोपे. पाणी किती अंशांना उकळते ते पाहायचे आणि त्यावरून आपण किती उंच आहोत ते काढायचे. म्हणजे ज्याला शहरातले लोक स्थिर बिंदू म्हणत होते, तोच घाटमाथ्यावर हलतो म्हणून उपयोगी पडला. हवेच्या भरती-ओहोटीचेही तसेच. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. पाऱ्यात दोन-अडीच मिलिमीटरांचा फरक, म्हणजे उकळबिंदूत अंशाच्या सुमारे दहाव्या भागाचा. सकाळच्या तुकडीचा १०० आणि दुपारच्या तुकडीचा १०० हेही काटेकोर बोलायचे तर एक नव्हेत.

बरे, दोन बिंदू दाबासकट नीट ठरवले तरी काम संपत नाही. मधल्या आकड्यांचे काय? पाऱ्याचा आणि अल्कोहोलचा असे दोन तापमापक घ्या, दोन्हींवर तेच शून्य आणि तेच शंभर कोरा, मधले अंतर शंभर सारख्या भागांत वाटा. मग दोघांना कोमट पाण्यात ठेवा. पारा ५० दाखवील तेव्हा अल्कोहोल ४४ च्या आसपास असेल. खोटा कोण? कुणीच नाही. पारा आपल्या रीतीने फुगतो, अल्कोहोल आपल्या. खुंट्या दोनच ठोकल्या आहेत, मधली दोरी प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे ताणली आहे. पारा बरोबर असे आपण म्हणतो ते केवळ त्याची सवय झाली म्हणून.

इथे वायूंनी निकाल दिला. हवा, हायड्रोजन, नायट्रोजन यांचे तापमापक केले तर ते एकमेकांशी जवळजवळ जुळतात. फ्रान्समध्ये रेन्योने १८४० च्या दशकात हे अतिशय चिकाटीने तपासले. त्याची कसोटी साधी होती. जे साधन स्वतःशीच भांडते ते टाकून द्यायचे. काचेची जात बदलली की पाऱ्याचे तापमापक वरच्या अंशांत आपापसांत भांडू लागले. हवेचा तापमापक मात्र आत हवा कमी भरा किंवा जास्त भरा, जवळजवळ तेच सांगत राहिला. तरी यात एक ‘जवळजवळ’ आहेच. त्याच्याकडे पुढे येऊ.

आता धाराशिवच्या प्रयोगशाळेत जाऊ. उपकरण म्हणजे लिंबाएवढा काचेचा फुगा, त्यात कोरडी हवा, फुग्याला जोडलेली बारीक नळी आणि पुढे रबरी नळीने जोडलेल्या पाऱ्याच्या दोन भुजा. एक भुजा वर-खाली करून फुग्याकडच्या भुजेतला पारा दर वेळी एकाच खुणेवर आणायचा, म्हणजे हवेचे आकारमान तेच राहते आणि फक्त दाब बदलतो. दुसरी भुजा उघडी असते. तिच्यातला पारा किती वर आहे ते पट्टीवर वाचायचे आणि त्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा. बर्फ घेताना तो फोडून, पाणी शिंपडून ओला करायचा. डीप फ्रीजमधून काढलेला कोरडा खडा उणे दहाचाही असू शकतो. त्याच्याभोवती पाणी सुटले की तो शून्यावर येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा बर्फ असेल तर किंचित शून्याखाली. त्याची फार काळजी नको, इथे चुका याहून मोठ्या होणार आहेत.

समजा, फुगा ओल्या बर्फात असताना दोन्ही भुजांतला पारा एका पातळीला आला. म्हणजे आतला दाब बाहेरच्या इतकाच, ७०.३ सेंटिमीटर. मग फुगा वाफेत नेला, खुणेवर पारा आणला आणि उघड्या भुजेतला पारा २५.२ सेंटिमीटर वर उभा राहिला. आतला दाब झाला ९५.५. पट्टीवरचे रीडिंग एवढेच. कुणाचाही हात थरथरला नाही.

यातून शून्य काढू. वाफेपर्यंत जाताना दाब २५.२ ने वाढला. ७०.३ चा सगळा दाब संपायला किती अंश मागे जावे लागेल? तापमानातला फरक गुणिले ७०.३, भागिले २५.२. तापमानातला फरक ९७.८ घेतला तर उत्तर २७३. तोच पुस्तकाप्रमाणे १०० घेतला तर २७९. रीडिंग तेच, काच तीच, हवा तीच. वाफेला चुकीचे नाव दिले म्हणून शून्य सहा अंश खाली घसरले.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. प्रयोगशाळेत वायुदाबमापक नसेल, किंवा कपाटात कुलूपबंद असेल, तर बाहेरचा दाब ७६ धरतात. कारण तोही पुस्तकात आहे. मग बर्फातला दाब ७६, वाफेतला १०१.२. उकळबिंदू बरोबर घेतला तरी शून्य जाते उणे २९५ वर. आणि दोन्ही चुका एकदम केल्या, ७६ ही धरले आणि १०० ही धरले, तर उणे ३०२. बहुतेक वह्यांमध्ये खरे तर हे ३०२ यायला हवे होते! ते पाहून मुले घाबरतात, २५.२ चे २७.८ करतात, आणि हिशेब मुंबईचा होतो.

आणखी तीन खोडी आहेत आणि त्यांच्या दिशा ओळखता येतात. वाफेत काचही फुगते. त्यामुळे आकारमान तंतोतंत तेच राहत नाही, दाब जरा कमी भरतो आणि शून्य साधारण दोन अंश खाली जाते. फुग्याला जोडलेल्या बारीक नळीतली हवा बर्फातही नसते आणि वाफेतही नसते, खोलीच्याच तापमानाला राहते. तिच्यामुळेही वाढ कमी दिसते आणि शून्य खालीच जाते. फुग्यात ओल राहिली असेल तर मात्र उलटे. थंडीत पाणी काचेला चिकटून बसते, गरम झाले की त्याची वाफ होते, दाब फाजील वाढतो आणि शून्य २७३ च्या अलीकडेच लागते. ही खोडी पकडायची तर दोन ठिपक्यांवर थांबू नये. खोलीच्या तापमानाला, पन्नासला, सत्तरला आणखी ठिपके घ्यावेत. कोरड्या हवेचे ठिपके सरळ रेघेत बसतात, ओल्या हवेचे वर वळत जातात. दोन ठिपक्यांतून नेहमी सरळच रेघ जाते, त्यामुळे दोन ठिपक्यांचा आलेख काहीच कबूल करत नाही.

आता मुख्य मुद्दा. फुग्याने आपल्याला खरोखर सांगितले काय? दाब ७०.३ होता आणि ९५.५ झाला. म्हणजे १.३५८ पट झाला. एवढेच. फुग्यात दुप्पट हवा भरली असती तर दोन्ही दाब दुप्पट झाले असते, पण पट तीच राहिली असती. फुगा मोठा असता तरी तीच. हवेऐवजी हायड्रोजन असता तरी जवळजवळ तीच. बर्फ आणि धाराशिवची वाफ यांच्यामधली ही पट कुणी ठरवलेली नाही, ती निसर्गाने दिलेली आहे. ०, १०० आणि २७३ हे आकडे आपण तिच्यावर चढवले.

या एका पटीतून एकच अज्ञात काढता येते. वाफ ९७.८ ला आहे हे ठाऊक असेल तर शून्य उणे २७३ ला आहे हे निघते. उलट शून्य उणे २७३.१५ ला आहे हे आधी मान्य केले, तर बर्फाच्या २७३.१५ ला १.३५८ ने गुणून वाफ ३७१ वर, म्हणजे जवळजवळ ९८ अंशांवर आहे हे निघते. सायक्सप्रमाणे त्यावरून धाराशिवची उंचीही काढता येईल. मात्र त्याच दोन रीडिंगांवरून शून्यही सिद्ध केले आणि उकळबिंदूही सिद्ध केला असे म्हणता येत नाही. आपली प्रात्यक्षिके नेमके तेच म्हणायला लावतात.

दाब शून्य होतो तिथून तापमान मोजायला लागायचे, हा निर्णय घेतला की निरपेक्ष मापश्रेणी तयार झाली. तिच्यात तापमान वायूच्या दाबाच्या प्रमाणात असते. दाब दीडपट तर तापमान दीडपट. सेल्सिअसमध्ये असे म्हणायची सोय नाही. धाराशिवला डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश असतील, तर उन्हाळा हिवाळ्याच्या साडेतीनपट गरम झाला असे होत नाही. निरपेक्ष श्रेणीत ते २८५ आणि ३१५ आहेत, म्हणजे उन्हाळा जेमतेम दहा टक्क्यांनी वर. अंगाची लाही होते ती त्या दहा टक्क्यांत. बंद फुग्यातल्या हवेला विचारले तर तीही दहाच टक्के सांगेल.

या शून्याबद्दल एक गैरसमज आलेखानेच पसरवला आहे. रेघ मागे जाऊन अक्षाला टेकते म्हणून तिथे हवा नाहीशी होते असे वाटते. हवा तिथवर हवा राहतच नाही. उणे १९० च्या आसपास ती द्रव होते आणि आलेखावरची रेघ सोडून देते. शून्य हे प्रयोगाने गाठलेले ठिकाण नव्हे. दोन गरम ठिकाणांवरून घेतलेल्या नेमाने दाखवलेली ती दिशा आहे. फ्रान्समध्ये आमाँतोंने १७०३ च्या सुमारास असाच नेम धरला होता. आजच्या भाषेत त्याचे उत्तर उणे २४० च्या जवळ येते. त्याच्या उपकरणांना ते शोभून दिसते. आमच्या मते ते कॉपी केलेल्या २७३ पेक्षा अधिक मानाचे आहे.

आता तो मागे ठेवलेला ‘जवळजवळ’. वेगवेगळ्या वायूंची पट अगदी तंतोतंत सारखी नसते. नायट्रोजन वातावरणाच्या दाबाएवढा भरला, तर समुद्रसपाटीच्या वाफेचे तापमान खऱ्यापेक्षा अंशाचे दोन-तीन दशांश जास्त निघते. हायड्रोजन आणि हेलियम त्याहून बरेच जवळ असतात. कारण रेणू एकमेकांना ओढतात, ढकलतात, आणि जागाही अडवतात. यावरचा उपाय सुंदर आहे. फुग्यातला वायू थोडा काढून टाका आणि पुन्हा मोजा. आणखी काढा, पुन्हा मोजा. चूक वायूच्या प्रमाणात घटत जाते. वायू जितका विरळ तितके रेणू एकमेकांपासून दूर, तितका त्यांचा स्वभाव गौण. भरलेला दाब आडव्या अक्षावर आणि निघालेले तापमान उभ्या अक्षावर मांडले, तर नायट्रोजन, हायड्रोजन, हेलियम यांच्या वेगवेगळ्या उताराच्या रेघा शून्य दाबाशी एकाच बिंदूत येऊन मिळतात. तो बिंदू कुठल्याच एका वायूच्या मालकीचा नाही, म्हणून त्या मापाला निरपेक्ष म्हणायचे. लॉर्ड केल्विनने १८४८ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श यंत्राच्या विचारातून, कुठल्याही पदार्थाचे नाव न घेता, निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. पुढच्या काही वर्षांत तिला जे रूप आले ते विरळ वायूच्या या मापाशी जुळले.

शून्य एकदा असे पक्के झाले की दोन स्थिर बिंदूंची गरज राहत नाही. एक खुंटी शून्याची, दुसरी कुठलीही एक. हेही केल्विननेच १८५४ मध्ये सुचवले होते. जगाने ते ऐकायला शंभर वर्षे घेतली. १९४८ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सेंटिग्रेड’चे नाव बदलून ‘सेल्सिअस’ केले. उस्मानाबादचे धाराशिव झाले तसे, नाव नवे आणि गाव तेच. खरा बदल झाला १९५४ मध्ये, तोही नाव न बदलता. उकळते पाणी स्थिर बिंदूच्या जागेवरून काढून टाकले गेले आणि एकच बिंदू ठेवला गेला, पाण्याचा त्रिक बिंदू.

हा बिंदू निवडण्यात जी हुशारी आहे ती धाराशिवकरांना लवकर कळावी. काचेच्या बंद भांड्यात फक्त शुद्ध पाणी असते, हवा काढून टाकलेली. त्याचा काही भाग गोठवतात. मग आत बर्फ, पाणी आणि वाफ तिघेही एकत्र नांदतात. तिघे एकत्र राहू शकतील असे तापमान एकच आहे आणि दाबही एकच आहे. तो दाब, पाऱ्याचे साधारण साडेचार मिलिमीटर, ते तिघे आपसांत ठरवतात. बाहेर मुंबईचा दाब आहे की बालाघाटाचा, सकाळचे दहा वाजले आहेत की दुपारचे चार, याचा भांड्याला पत्ता नसतो. वायुदाबमापक लागतच नाही. त्या तापमानाला २७३.१६ केल्विन म्हणायचे ठरले, म्हणजे सेल्सिअसच्या शून्यापेक्षा अंशाच्या शतांशाने वर. हा आकडा निवडला तो जुने तापमापक मोडीत निघू नयेत म्हणून. बर्फ आणि समुद्रसपाटीची वाफ यांच्यात शंभर अंश राहावेत, अशी ती तडजोड होती.

तडजोड किती जमली? नव्या खुंटीवरून चांगल्या वायुतापमापकांनी पाण्याचा उकळबिंदू पुन्हा मोजला, तेव्हा प्रमाणित दाबालाही तो ९९.९७ च्या आसपास निघाला. म्हणजे पाणी १०० ला उकळते हे आता मुंबईतही काटेकोरपणे खरे नाही. ती व्याख्या होती, आता ते एक मोजमाप आहे, आणि मोजमाप चुकू शकते. २० मे २०१९ पासून त्रिक बिंदूचेही तेच झाले. आता बोल्ट्झमनच्या स्थिरांकाची किंमत ठरवून दिली आहे आणि केल्विन तिच्यावरून येतो. २७३.१६ सुद्धा मोजायची गोष्ट झाली.

हे सगळे शाळेत आणायला बोल्ट्झमन नको आणि हेलियमही नको. भिंतीवर चालू स्थितीतला वायुदाबमापक हवा आणि प्रयोगाच्या दिवशी त्याचे रीडिंग जर्नलाच्या पहिल्या ओळीत हवे. वाफेचे तापमान त्यावरून तक्त्यात पाहून लिहायचे. इथे एक नवा सापळा मात्र लक्षात ठेवावा लागेल. हल्ली मुले दाब विचारला की मोबाइल काढतात. हवामानाच्या ॲपमध्ये धाराशिवचा दाब १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसतो. त्याचे सेंटिमीटर केले की पुन्हा ७६ ला अगदी लागून आकडा येतो, आणि मुलगा निश्चिंत होतो. तो दाब धाराशिवचा नसतो. गावोगावचे दाब एका नकाशावर तुलनेला यावेत म्हणून हवामानखाते ते समुद्रसपाटीवर उतरवून देते. धाराशिवच्या खाली साडेसहाशे मीटर खणून तिथे बसले तर जो दाब असता, तो हा. ज्या फोनमध्ये दाब मोजणारी चकती असते, तो फोन प्रयोगाच्या टेबलावर ठेवला तर खरा आकडा दाखवतो. तो ९३७-९३८ च्या घरात असेल.